चार सदरे, एकच कापूस

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. बावधनला आमच्या शेजारी एक शिक्षिका राहतात. त्यांच्या शाळेत गणवेशाचे कापड बदलायचे घाटत होते. जुना सदरा टेरिकॉटचा होता. उन्हाळ्यात तो अंगाला चिकटतो, मुलांना घामोळे येते, म्हणून सुती कापड घ्यावे, असे पालकांचे म्हणणे पडले. दुकानदाराने चार नमुने पाठवले. चारही शंभर टक्के सुती. त्यांतून एक निवडायचा होता, आणि निवड चुकली तर शाळेतल्या सगळ्या मुलांना ती दोन-तीन वर्षे अंगावर वागवावी लागणार होती.

बाईंनी नमुने धुऊन दोरीवर वाळत घातले. संध्याकाळी त्यांची नववीतली मुलगी ते घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काका, चारही कापडे कापसाचीच ना? मग हे एक पापडासारखे कडक, हे मऊ, हे जाडेभरडे आणि हे शेवटचे फोड आल्यासारखे का?"

प्रश्न अगदी नेमका होता. कापूस एकच, मग फरक कशाचा? फरक विणीचा. पहिले कापड पॉपलीन, दुसरे ट्विल, तिसरे ऑक्सफर्ड आणि चौथे सीअरसकर. धागे एकमेकांतून कसे जातात, एवढ्याच गोष्टीने कापडाचा स्पर्श, त्याची ऊब आणि त्याला पडणाऱ्या सुरकुत्या कशा बदलतात, ते आज आपण पाहू.

धागा किती वेळा वळतो?

कापडात धाग्यांचे दोन संच असतात. मागावर लांबीच्या दिशेने ताणून बसवलेला तो ताणा, आणि धोट्याबरोबर आडवा ये-जा करणारा तो बाणा. बाण्याचा धागा ताण्याच्या एका धाग्यावरून, दुसऱ्याखालून, तिसऱ्यावरून असा गेला की साधी वीण होते. तुमच्या घरची चटई किंवा बाजेची नवार पाहा, तिच्यात हीच वीण दिसेल. पॉपलीन याच विणीचे कापड आहे.

ट्विलमध्ये बाणा दोन धाग्यांवरून जातो, मग दोन धाग्यांखालून. पुढच्या ओळीत हीच चाल एका धाग्याने सरकते, त्याच्या पुढच्या ओळीत आणखी एकाने. त्यामुळे कापडावर तिरप्या रेघा उमटतात. जीनची विजार किंवा खाकी ड्रिल उजेडात धरा, या रेघा नुसत्या डोळ्यांना दिसतील. ऑक्सफर्डमध्ये ताण्याचे दोन बारीक धागे जोडीने चालतात आणि बाण्याचा एक जाड धागा त्या जोडीवरून व पुढच्या जोडीखालून जातो. म्हणून त्या कापडावर टोपलीच्या विणीसारखे बारीक चौकोन दिसतात.

आता थोडे गणित करू. समजा, ताण्यात व बाण्यात एका सेंटिमीटरला प्रत्येकी ४० धागे आहेत. साध्या विणीत प्रत्येक धाग्याला एका सेंटिमीटरमध्ये ४० वेळा वर-खाली वळावे लागते. दोन्ही संच धरले तर एक चौरस सेंटिमीटर कापडात ३,२०० वळणे झाली. ट्विलमध्ये प्रत्येक धागा दोन धागे ओलांडून मगच वळतो, म्हणून वळणे निम्मी, म्हणजे १,६००. पॉपलीनमध्ये दर पाव मिलिमीटरला धाग्याला वळण आहे, ट्विलमध्ये दर अर्ध्या मिलिमीटरला. दोन वळणांमधल्या या मोकळ्या तुकड्यावर पुढचे सारे अवलंबून आहे, तो ध्यानात ठेवा.

इचलकरंजीचे पॉपलीन

आमच्या बावधनजवळून जाणारा महामार्ग धरून दक्षिणेला सुमारे सव्वादोनशे किलोमीटर गेले की इचलकरंजी लागते. तिथे विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसवला. पुढे हे गाव यंत्रमागांचे शहर झाले आणि तिथले पॉपलीन सर्वत्र जाऊ लागले. पॉपलीनची एक नेहमीची मांडणी अशी असते: सूत ४० नंबरी, एका इंचात ताण्याचे १३३ धागे आणि बाण्याचे ७२.

४० नंबरी म्हणजे किती बारीक? ८४० वार लांबीच्या ४० लडी मिळून एक पौंड वजन भरते, ते ४० नंबरी सूत. आपल्या मापात सांगायचे तर एक ग्रॅम कापसापासून सुमारे ६८ मीटर धागा. त्याची जाडी भरते सुमारे ०.१४ मिलिमीटर. असे धागे एकमेकांना खेटून ठेवले तर एका सेंटिमीटरमध्ये ७० मावतील.

पण कापडात ते खेटून कसे राहणार? साध्या विणीत ताण्याच्या प्रत्येक दोन धाग्यांमधून बाणा वर-खाली जातो. त्याला वाट द्यायची तर एका धाग्याएवढी फट हवी. म्हणजे दर दोन जागांपैकी एक जागा वाटेत गेली. ७० चे राहिले ३५. ट्विलमध्ये अशी वाट दर दोन धाग्यांनंतर एकदाच द्यावी लागते. तिथे तीन जागांपैकी दोन धाग्यांना मिळतात, म्हणून ४६ धागे मावतात. त्याच सुताचे ट्विल पॉपलीनपेक्षा दाट आणि भरीव विणता येते, ते यामुळे.

पण थांबा. इंचाला १३३ म्हणजे सेंटिमीटरला ५२ धागे झाले. साध्या विणीत ३५ मावतात म्हटले, मग ५२ आले कुठून? विणकराने इथे एक युक्ती केली आहे. त्याने बाण्याचे धागे विरळ ठेवले, सेंटिमीटरला अवघे २८. त्यामुळे बाणा जवळजवळ सरळ राहतो आणि वळण्याचे सारे काम ताणा करतो. बाणा सरळच असल्यामुळे त्याला ताण्याच्या धाग्यांमध्ये रुंद फट लागत नाही, आणि ताणा दाट बसतो. पॉपलीनचा गुळगुळीत, चमकदार पृष्ठभाग हा या दाट ताण्याचाच आहे. भिंगातून पाहिले तर त्यावर आडव्या, फार बारीक कण्या दिसतात. त्या म्हणजे आत लपलेला बाणा. आणि सूत किती लागले? सेंटिमीटरला ५२ आणि २८ धागे, म्हणजे एका चौरस मीटरमध्ये आठ किलोमीटर धागा!

स्पर्श मोजता येतो

मऊ आणि कडक हे शब्द आपण सहज वापरतो. पण भौतिकशास्त्रात मोजल्याशिवाय भागत नाही. मँचेस्टरजवळच्या शर्ली संशोधनसंस्थेत फ्रेडरिक पियर्स या शास्त्रज्ञाने १९३० साली कापडाचा स्पर्श मोजण्याची एक सोपी रीत मांडली. ती तुम्ही शाळेच्या बाकावर करू शकता.

कापडाची अडीच सेंटिमीटर रुंद आणि वीस सेंटिमीटर लांब पट्टी कापा. ती टेबलावर ठेवून वर मोजपट्टी ठेवा आणि दोन्ही हळूहळू कडेबाहेर सरकवा. पट्टीचे टोक खाली झुकू लागेल. कडेपासून टोकापर्यंत कल्पिलेली रेघ क्षितिजसमांतर रेषेशी ४१.५ अंशांचा कोन करील तेव्हा थांबा. पुठ्ठ्यावर तेवढा कोन कापून टेबलाच्या कडेला लावला म्हणजे काम सोपे होते. कडेबाहेर आलेल्या लांबीच्या निम्मी ती त्या कापडाची 'बाक-लांबी'. हाच कोन का? कारण या कोनाला गणित सुटसुटीत होऊन बरोबर निम्मे येते.

कापडाचा ताठरपणा या बाक-लांबीच्या घनाच्या प्रमाणात असतो. समजा, सारख्या वजनाच्या दोन कापडांपैकी एकाची पट्टी ५ सेंटिमीटर बाहेर आल्यावर तेवढी झुकली आणि दुसरीची ४ सेंटिमीटरला. फरक दिसायला एका सेंटिमीटरचा. पण घन केले तर १२५ आणि ६४, म्हणजे पहिले कापड जवळजवळ दुप्पट ताठर. आपली बोटे एवढा फरक लगेच ओळखतात.

पण वळणांचा ताठरपणाशी संबंध काय? खराट्याचे हीर घ्या. मुठीत सैल धरून वाकवले तर ते सहज वाकतात, कारण प्रत्येक हीर शेजारच्यावरून घसरतो. आता तीच जुडी सुतळीने जागोजाग करकचून बांधा आणि वाकवा. ती दांडक्यासारखी ताठ होते. कापसाचा धागा म्हणजे शेकडो तंतूंची जुडीच, आणि विणीतले प्रत्येक वळण म्हणजे एक सुतळीची गाठ. पॉपलीनमध्ये गाठी जवळजवळ, ट्विलमध्ये दूर. म्हणून सूत आणि धाग्यांची संख्या सारखी असेल तर ट्विल अधिक मऊ पडते आणि अंगावर छान ओघळते.

इथे एक सावधगिरीची सूचना. ट्विल मऊ असते म्हणावे तर खाकी ड्रिल तर पत्र्यासारखे ताठ असते! कारण तिथे विणकराने जाड सूत घेतले आणि ट्विलमध्ये मिळालेली जास्तीची जागा धागे ठासून भरून टाकली. विणीने दिलेली मोकळीक दाटपणाने काढून घेतली. म्हणून विणीचे नाव ऐकून निष्कर्ष काढू नये, धागे मोजून काढावा.

सुरकुती का पडते?

कापडाला घडी पडते तेव्हा घडीच्या बाहेरच्या अंगाचे तंतू ताणले जातात, आतल्या अंगाचे दाबले जातात. किती? समजा, घडीची त्रिज्या अर्धा मिलिमीटर आहे. कापसाचा एक तंतू सुमारे १५ मायक्रॉन जाड असतो. तो एकटा वाकला तर त्याची बाहेरची बाजू फक्त दीड टक्का ताणली जाते. पण ०.१४ मिलिमीटरचा सबंध धागा एकसंध काडीसारखा वाकला तर बाहेरच्या तंतूला १४ टक्के ताणावे लागेल. आणि कापसाचा तंतू साधारणपणे सहा-आठ टक्के ताणला की तुटतो! म्हणजे धाग्यातले तंतू घसरतात म्हणूनच कापड टिकते. खरी स्थिती या दोन टोकांच्या मध्ये असते. जितकी घसरायला मोकळीक, तितका ताण कमी आणि तितकी सुरकुती हलकी.

पण रबरही ताणले जाते, त्याला सुरकुती का राहत नाही? कापसाचा तंतू सेल्युलोजच्या लांबलचक रेणूंचा बनलेला असतो. हे रेणू शेजारच्या रेणूंना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. तंतू वाकला की यांतले काही बंध सुटतात आणि रेणू नव्या जागी सरकून नवे बंध जोडतात. मग घडी सोडली तरी ते नवे बंध तंतूला वाकलेल्या अवस्थेतच धरून ठेवतात. पाणी हे बंध सोडवायला मदत करते. म्हणून घामेजलेल्या पाठीने बसमध्ये टेकून बसले की सदऱ्याच्या पाठीवर जाळे उमटते. आणि इस्त्री करताना आपण पाणी का शिंपडतो? तेच बंध सोडवून, कापड सपाट असताना नव्याने जोडावेत म्हणून. सुरकुती आणि इस्त्री या एकाच क्रियेच्या दोन बाजू आहेत.

हेही मोजता येते. ४ सेंटिमीटर लांब व दीड सेंटिमीटर रुंद तुकडा मधोमध घडी घालून त्यावर अर्ध्या किलोचे वजन पाच मिनिटे ठेवा. वजन काढून आणखी पाच मिनिटे थांबा. मग तुकडा कडेवर उभा करून दोन पाकळ्यांमधला कोन कोनमापकाने मोजा. १८० अंश म्हणजे सुरकुती पूर्ण गेली, शून्य म्हणजे मुळीच गेली नाही. साध्या, खास प्रक्रिया न केलेल्या सुती कापडाचा कोन सहसा काटकोनाच्या आतच राहतो. बाईंच्या मुलीने आणि मी हे चारही नमुन्यांवर करून पाहिले. पॉपलीनची पाकळी सर्वांत कमी उघडली, ट्विलची त्याहून जास्त. ऑक्सफर्डला घडी पडली, पण त्याच्या खडबडीत पृष्ठभागावर ती पॉपलीनवरच्यासारखी ठळक दिसत नव्हती. गुळगुळीत पृष्ठभागावर प्रकाश एका दिशेने परततो, त्यामुळे लहानशी घडीही चमकून उठते. खडबडीत पृष्ठभागावर ती हरवून जाते.

प्रयोगापूर्वी कापड धुवायला मात्र विसरू नका. दुकानातल्या कापडावर खळ असते, आणि काही कापडांवर सुरकुती टाळण्यासाठी रेझिनची प्रक्रिया केलेली असते. रेझिन सेल्युलोजच्या रेणूंना आपापसांत पक्के जोडते, म्हणून कोन वाढतो. तो गुण विणीचा नव्हे.

ऊब कापडात नसते, हवेत असते

आता उष्णतेकडे वळू. स्थिर हवा उष्णतेची फार मंद वाहक आहे. पाणी तिच्या सुमारे तेवीसपट उष्णता वाहून नेते. सदऱ्याचे कापड जेमतेम पाव ते अर्धा मिलिमीटर जाड, पण कापड आणि कातडी यांच्यामध्ये काही मिलिमीटर हवा सापडते. ऊब देणारी ही हवा. वीण ऊब ठरवते ती मुख्यतः ही हवा कशी धरून ठेवते यावरून. भरीव ट्विलमधून वारा सहज शिरत नाही, म्हणून आतली हवा स्थिर राहते. डिसेंबरच्या सकाळी ते बरे वाटते. ऑक्सफर्ड जाड असूनही त्याच्या चौकोनांमधल्या भोकांतून हवा खेळते.

पॉपलीन हाताला गार लागते, त्याचे कारण निराळे आहे. ते गुळगुळीत असल्याने कातडीला अनेक बिंदूंवर एकदम टेकते आणि उष्णता चटकन ओढून घेते. फरशीवर पाय ठेवला की गार लागतो, घोंगडीवर लागत नाही. दोन्हींचे तापमान एकच असते! पण हा गारवा पहिल्या क्षणांचाच. घाम आला की पातळ, सपाट पॉपलीन ओले होऊन अंगाला चिकटते. मधली हवा गेली आणि तिथे पाण्याचा पापुद्रा आला.

सीअरसकरची करामत इथेच दिसते. हे नाव फारसीतल्या 'शीर-ओ-शकर' या शब्दांवरून आले. शीर म्हणजे दूध, जे शीरखुर्म्यात असते, आणि शकर म्हणजे साखर. एक पट्टा दुधासारखा सपाट, शेजारचा साखरेसारखा खरखरीत. मागावर ताण्याचे दोन बीम लावतात. एका बीमचे धागे ताणलेले, दुसऱ्याचे सैल आणि जास्त लांबीने सोडलेले. दोन्ही एकाच बाण्याने विणले जातात. कापड मागावरून उतरले की ताणलेले पट्टे आकसतात, आणि सैल पट्ट्यांना जास्तीची लांबी लपवायला जागा नसल्याने ते फुगून चुण्या घेतात. अंगावर घातल्यावर हे फुगवटे सपाट पट्ट्यांना कातडीपासून दूर धरतात. हवेला ये-जा करायला वाट राहते आणि घाम वाळतो. कातडीवरचा एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. गारवा मिळतो तो यातून. सुरकुतीचा तर प्रश्नच मिटला, कारण कापडच मुळी चुण्यांचे. इस्त्री लागत नाही, आणि केली तरी धुतल्यावर चुण्या परत येतात.

बाजारात याची एक नक्कलही मिळते. साध्या कापडावर कॉस्टिक सोड्याचे पट्टे छापले की तेवढा भाग आकसतो आणि बाकीचा फुगतो. अशा चुण्या धुण्याने आणि इस्त्रीने हळूहळू कमी होतात. ओळखायचे कसे? फुगलेल्या पट्ट्यातून ताण्याचा एक धागा आणि सपाट पट्ट्यातून एक धागा, कापडाच्या सारख्याच लांबीचा, उसवून काढा आणि ताणून शेजारी ठेवा. खऱ्या सीअरसकरमध्ये फुगलेल्या पट्ट्यातला धागा स्पष्ट लांब भरतो. साखर विणलेली आहे की वरून भुरभुरलेली, ते कळते.

मग गणवेश कोणता?

मी सीअरसकर सुचवीन, असे बाईंना वाटले होते. पण आम्ही एक गोष्ट आणखी केली. चारही नमुन्यांचे सारख्या मापाचे तुकडे भिजवून, पिळून वाळत घातले आणि दर अर्ध्या तासाने हाताला लावून पाहिले. पॉपलीन सर्वांत आधी वाळले, ऑक्सफर्ड सर्वांत शेवटी. यात नवल नाही, जाड कापडात पाणीही जास्त राहते. एप्रिलमध्ये हा फरक नगण्य. पण मुळशीच्या बाजूला जुलै-ऑगस्टमध्ये हवा इतकी दमट असते की रात्री धुतलेला सदरा सकाळी ओलसरच निघतो. ज्या मुलाकडे दोनच सदरे आहेत, त्याला हा फरक रोज सोसावा लागतो.

म्हणून शेवटी ठरले ते असे: सदरा पॉपलीनचा, पण थोडा सैल बेताचा, म्हणजे कापड आणि अंग यांच्यामध्ये हवेला जागा राहील, आणि विजार व स्कर्ट ट्विलचे, कारण बाकावर दिवसभर बसून सर्वांत जास्त घड्या तिथेच पडतात. सीअरसकर चारांत सर्वांत महाग होते, म्हणून मागे पडले. पॉपलीनच्या पाठीवर सुरकुत्या पडतील, हे पालकांना आधीच सांगून टाकले.

मुलीने मात्र सीअरसकरचा नमुना परत केला नाही. तिने त्यातून फुगलेल्या पट्ट्यातला एक आणि सपाट पट्ट्यातला एक असे दोन धागे काढून वहीत शेजारी-शेजारी चिकटवले आहेत. वरची टोके जुळवलेली आहेत. खालची जुळत नाहीत.